कास्ट करताना टीव्ही का सापडत नाही: गेस्ट वायफायची भिंत आणि २.४-५चा गैरसमज

प्रश्न: घरात एकच राऊटर आहे. नवा स्मार्ट टीव्ही घेतला, तो मुलाने 'गेस्ट' वायफायवर जोडला. टीव्हीसारख्या वस्तू मुख्य वायफायवर ठेवू नयेत, असं त्याचं म्हणणं. टीव्हीवर यूट्यूब छान चालतं, पण फोनवरून कास्ट करायला गेलं की टीव्ही यादीत येतच नाही. फोन ५ गिगाहर्ट्झवर आहे आणि टीव्ही २.४ वर. दुकानदार म्हणतो, बँड वेगळे आहेत म्हणून. मी फोन आमच्या मुख्य वायफायच्या २.४ वर घेऊन पाहिला, तरी तेच. घोडं नक्की कुठे अडलंय?

उत्तर:

टीव्हीवर यूट्यूब चालतं, म्हणजे टीव्ही, त्याचं वायफाय आणि तुमचं इंटरनेट हे तिन्ही ठणठणीत आहेत. अडलंय ते घरातल्या घरात. फोन आणि टीव्ही यांची आपापसात गाठच पडत नाहीये. फोन २.४ वर आणूनही फरक पडला नाही, तेव्हा बँडवरचा संशय तुम्ही स्वतःच जवळजवळ दूर केला आहे. उरतं ते गेस्ट नेटवर्क, आणि माझा रोख तिकडेच आहे. तरी नुसत्या अंदाजावर राऊटरमधलं काही बदलू नका. दहा मिनिटांत खात्री करता येते, ती कशी ते पुढे सांगतो.

मी डोंबिवली-ठाणे पट्ट्यात घरं, दवाखाने आणि छोटी कार्यालयं यांची वायफायची कामं गेली १४ वर्षं करतोय. 'टीव्ही दिसत नाही' ही तक्रार हल्ली आठवड्यातून एकदा तरी येते. बहुतेक घरांत लोकांनी आधी टीव्ही रिसेट केलेला असतो, फोन रिसेट केलेला असतो, काहींनी तर टीव्ही बदलून आणलेला असतो. म्हणून कास्ट करताना आत काय घडतं ते आधी नीट सांगतो. ते एकदा कळलं की कुठे बघायचं हे आपोआप कळतं.

कास्टचं चिन्ह दाबलं की फोन इंटरनेटवर जात नाही. तो घरातल्या नेटवर्कमध्ये एक हाक मारतो: "इथे कास्ट घेणारं कोणी आहे का?" वाड्याच्या चौकात उभं राहून सगळ्या खोल्यांना ऐकू जाईल अशी हाक मारावी, तसं. ज्या पद्धतीने ही हाक जाते तिला एमडीएनएस म्हणतात. हाक कोणा एका उपकरणाच्या पत्त्यावर जात नाही, ती 224.0.0.251 या सामायिक पत्त्यावर जाते आणि त्यात `_googlecast._tcp.local` या नावाची चौकशी असते. टीव्हीने ती ऐकली तर तो आपलं नाव आणि आपला पत्ता सांगतो, आणि तेव्हा कुठे तुमच्या यादीत 'हॉलमधला टीव्ही' उमटतो. या हाकेचा एक पक्का नियम आहे: ती एका नेटवर्कच्या बाहेर जात नाही. राऊटर ती दुसऱ्या नेटवर्कमध्ये पोचवत नाही, आणि त्याने पोचवूही नये अशीच तिची रचना आहे. चौकातली हाक शेजारच्या वाड्यात जात नाही.

नाव उमटलं म्हणजे सगळं झालं असंही नाही. तुम्ही त्या नावावर बोट ठेवलंत की फोन थेट टीव्हीच्या पत्त्यावर जोडणी करतो आणि "हा व्हिडिओ लाव" असं सांगतो. मग यूट्यूबचा व्हिडिओ टीव्ही स्वतः इंटरनेटवरून आणतो, फोन फक्त रिमोटसारखा राहतो. म्हणजे दोन गोष्टी लागतात. हाक ऐकू गेली पाहिजे, आणि फोनला टीव्हीच्या दारापर्यंत चालत जाता आलं पाहिजे.

आता गेस्ट नेटवर्ककडे येऊ. हे नेटवर्क कशासाठी बनवलंय ते आठवा. घरी आलेल्या पाहुण्याला इंटरनेट मिळावं, पण तुमचा प्रिंटर, लॅपटॉपमधली शेअर केलेली फोल्डरं, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर यांतलं काही त्याच्या फोनला दिसू नये. त्यासाठी राऊटर दोन भिंती घालतो. पहिली भिंत गेस्ट आणि मुख्य नेटवर्क यांच्या मधे. ती बहुतेकांना माहीत असते. दुसरी भिंत गेस्टमधल्या प्रत्येक उपकरणाभोवती असते: एका पाहुण्याला दुसरा पाहुणाही दिसत नाही, प्रत्येकाला फक्त इंटरनेटचं दार उघडं. राऊटरच्या सेटिंगमध्ये हिचं नाव `AP Isolation` किंवा `Client Isolation` असं असतं, काही राऊटरवर `Allow guests to see each other` असा उलटा पर्याय असतो आणि तो सुरुवातीला बंद ठेवलेला असतो.

ही दुसरी भिंत लोकांना चकवते. "दोन्ही एकाच वायफायवर घ्या" हा सल्ला सगळीकडे मिळतो. माणूस तो मनापासून पाळतो, फोनही गेस्टवर घेतो, आणि तरीही टीव्ही दिसत नाही. मग तो म्हणतो, टीव्हीच खराब. टीव्ही खराब नसतो. राऊटर त्याला नेमून दिलेलं काम चोख करत असतो. फक्त आपण टीव्हीला पाहुण्यांच्या खोलीत बसवून वर कडी लावलेली असते.

दुकानदाराच्या बँडच्या म्हणण्याबद्दल. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ हे राऊटरमधले दोन वेगळे रेडिओ आहेत हे खरं. पण आत ते दोन्ही एकाच नेटवर्कला जोडलेले असतात, एकाच जिन्याला दोन दरवाजे असावेत तसे. कोणत्याही दरवाज्याने आत या, पोचता त्याच मजल्यावर. कितीतरी स्वस्त टीव्हींमध्ये फक्त २.४चा रेडिओ असतो आणि फोन मात्र ५ वर असतात, आणि त्या घरांमध्ये कास्ट रोज बिनबोभाट चालतं. हा गैरसमज कुठून आला तेही समजण्यासारखं आहे. वायफायच्या यादीत `Ghar` आणि `Ghar_5G` अशी दोन नावं दिसतात, ती दोन वेगळी नेटवर्कं वाटतात. शिवाय काही स्मार्ट प्लग आणि बल्ब पहिल्यांदा जोडताना फोन २.४ वर घ्यावा लागतो. तो सल्ला पुढे प्रत्येक गोष्टीला चिकटला.

बँडचा संबंध कधीच येत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. दोन प्रकार मी स्वतः पाहिलेत. पहिला, फायबरबरोबर येणाऱ्या काही डब्यांमध्ये प्रत्येक वायफाय नावाचं सेटिंगचं पान वेगळं असतं आणि आयसोलेशनची खूणही त्या त्या पानावर वेगळी असते. कोणीतरी ५च्या पानावर ती खूण करून ठेवलेली असते आणि २.४च्या पानावर नसते. मग बाहेरून बघणाऱ्याला दोष बँडचा वाटतो, असतो मात्र त्या खुणेचा.

दुसरा प्रकार जरा आडवळणाचा आहे. टीव्ही बंद करून चालू केला की यादीत दिसतो, चारेक मिनिटं राहतो आणि मग गायब होतो. पुन्हा बंद-चालू केलं की पुन्हा दिसतो. इथे राऊटर सामायिक पत्त्यांवरच्या हाका वाचवायला बघत असतो. कोणाला कोणती हाक हवी आहे याची तो एक नोंदवही ठेवतो, आणि नोंद वेळेवर नवी झाली नाही तर ती खोडतो. ही मुदत साधारणपणे २६० सेकंदांची असते, म्हणून ते चार-सव्वाचार मिनिटांचं गणित. सेटिंगचं नाव `IGMP Snooping`. असंच लक्षण असेल तर ते बंद करून बघा. पण तुमची फायबर कंपनी त्याच तारेवरून टीव्हीची चॅनलं देत असेल तर ती अडखळू शकतात, तेव्हा आधी काय होतं ते टिपून ठेवा आणि मग बदल करा. तुमचा टीव्ही एकदाही दिसलेला नाही, त्यामुळे हे तुमचं दुखणं नाही.

आता खात्री कशी करायची. फोनवर वायफायच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या नावाशेजारच्या चक्राच्या चिन्हावर किंवा बाणावर दाबा, खाली `IP address` दिसेल. टीव्हीवर सेटिंग, त्यात नेटवर्क, त्यात जोडलेलं वायफाय, तिथेही तोच मजकूर सापडेल. दोन्ही कागदावर लिहून घ्या. फोनचा पत्ता समजा 192.168.1.24 आहे आणि टीव्हीचा 192.168.3.11. घरगुती राऊटरवर पहिले तीन आकडे म्हणजे गल्लीचं नाव समजा आणि शेवटचा म्हणजे घर क्रमांक. इथे तिसरा आकडा वेगळा आहे, म्हणजे गल्ल्याच वेगळ्या. हाक पोचण्याचा प्रश्नच येत नाही. बहुधा तुमच्याकडे हेच निघेल.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा: आकडे वेगळे निघाले तर निदान पक्कं, सारखे निघाले तर मात्र नाही. काही राऊटर गेस्टलाही त्याच गल्लीतले पत्ते देतात आणि मधे नुसती गाळणी लावतात. पत्ते सारखे दिसतात, वाट बंदच असते. आणि दोन्ही उपकरणं गेस्टवर असतील तेव्हा तर पत्ते सारखेच दिसणार. अशा वेळी पिंग करून, म्हणजे टीव्हीला एक छोटा निरोप धाडून उत्तर येतं का ते बघावं लागतं. टीव्ही चालू ठेवा, कारण झोपलेला टीव्ही उत्तर देत नाही. विंडोजचा लॅपटॉप ज्या वायफायवर तुमचा फोन आहे त्याच वायफायवर घ्या, कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि टीव्हीचा पत्ता घालून हे लिहा:

```
ping 192.168.3.11
```

`Reply from 192.168.3.11` असं येऊन पुढे वेळ दिसली, तर वाट मोकळी आहे आणि दोष हाकेचा किंवा फोनमधल्या परवानगीचा आहे. `Request timed out` आलं आणि गल्ल्या वेगळ्या असतील, तर मधल्या भिंतीने निरोप गिळला. तिसरं उत्तर नीट वाचा, कारण ते फसवतं. `Reply from` असं दिसतं, पण पुढे `Destination host unreachable` असतं. ते उत्तर टीव्हीचं नाही. त्यातला पत्ता बघा, तो तुमच्याच लॅपटॉपचा असतो. लॅपटॉपने गल्लीत विचारलं, कोणी ओ दिली नाही, आणि त्याने स्वतःच तुम्हाला तसं कळवलं. गल्ली एकच असून आणि टीव्ही चालू असून हे उत्तर आलं, की मी सरळ आयसोलेशन शोधायला लागतो.

मागच्या पावसाळ्यात असंच एक घर झालं. डोंबिवलीत एका निवृत्त शिक्षिकाबाईंकडे गेलो होतो. नातीचं भरतनाट्यम मुलीने फोनवर टिपलेलं, ते बाईंना मोठ्या पडद्यावर बघायचं होतं. त्यांच्याकडे आधी दोन जण येऊन गेले होते. एकाने टीव्ही रिसेट केला, दुसऱ्याने "दोन्ही एका वायफायवर घ्या" म्हणून फोनही गेस्टवर लावून दिला. बाईंनी सगळं वहीत लिहून ठेवलं होतं, कोणत्या तारखेला काय केलं तेसुद्धा. त्या वहीमुळे माझा अर्धा तास वाचला.

फोनचा पत्ता 192.168.3.14, टीव्हीचा 192.168.3.11. गल्ली एकच. माझा लॅपटॉप गेस्टवर घेतला, त्याला .15 मिळाला. पिंग केलं तर पडद्यावर हे:

```
Reply from 192.168.3.15: Destination host unreachable.
```

बाई म्हणाल्या, "अहो, उत्तर तर आलं की!" मी त्यांना शेवटचा 15 दाखवला आणि म्हटलं, "मॅडम, हा माझाच लॅपटॉप आहे. वर्गात हजेरी घेताना मुलाने उत्तर दिलं नाही आणि तुम्हीच 'गैरहजर' म्हणालात, तसं झालंय." त्यांना ते तत्काळ पटलं. राऊटरच्या पानावर गेलो, गेस्ट नेटवर्कच्या भागात `Allow guests to see each other` ही खूण रिकामी होती. ती केली, जतन केलं, राऊटरने वायफाय काही सेकंद बंद करून पुन्हा चालू केलं, आणि पिंगची उत्तरं टीव्हीच्या पत्त्यावरून यायला लागली. फोनवर टीव्हीचं नाव उमटलं.

पण तेवढ्यावर भागलं नाही. मुलीचा आयफोन तिथेच होता, त्याला टीव्ही दिसेना. वायफाय तेच, पत्ता त्याच गल्लीतला. २०२० साली आलेल्या आयओएस १४ पासून प्रत्येक अ‍ॅपला घरातल्या नेटवर्कवर शोध घ्यायला वेगळी परवानगी लागते. पहिल्यांदा विचारतं तेव्हा घाईत 'नको' दाबलेलं असतं आणि मग ते कायमचं विसरलं जातं. सेटिंगमध्ये `Privacy & Security`, त्यात `Local Network`, तिथे त्या अ‍ॅपसमोरचं बटण चालू केलं आणि टीव्ही दिसला. व्हीपीएन चालू असेल तरी असंच होऊ शकतं, कारण फोनची बोलणी घरात न राहता दूरच्या बोगद्यातून जायला लागतात. म्हणून एक फोन टीव्ही बघतो आणि दुसरा बघत नाही, असं असलं की मी राऊटरला हात न लावता आधी तो दुसरा फोन हातात घेतो.

आता तुम्ही काय करावं. तुमच्या मुलाचं म्हणणं चुकीचं नाही, हे आधी सांगतो. टीव्हीला सुरक्षेचे अपडेट दोन-चार वर्षं मिळतात आणि मग बहुधा थांबतात, टीव्ही मात्र दहा वर्षं भिंतीवर असतो. असं उपकरण लॅपटॉपपासून लांब ठेवण्यात अर्थ आहे. प्रश्न एवढाच की त्याची किंमत कास्टमध्ये मोजावी लागते, आणि ती कितपत मोजायची ते घराघरावर ठरतं.

घरात एक-दोन लॅपटॉप, चार फोन आणि एक टीव्ही एवढाच पसारा असेल आणि कास्ट रोजचं असेल, तर मी टीव्ही मुख्य वायफायवर घेतो. टीव्हीवर गेस्टचं नाव निवडून ते विसरायला सांगा, म्हणजे तो आपणहून परत तिकडे जाणार नाही. मग मुख्य नाव जोडा, टीव्ही बंद करून चालू करा. फोन ५ वर असू दे, टीव्ही २.४ वर, त्याला हात लावू नका. टीव्हीवर अनोळखी ठिकाणची अ‍ॅप टाकू नका, अपडेट आलं की घेत जा.

मुलाचा आग्रह कायम असेल तर मधला मार्ग आहे, बाईंकडे केला तोच. टीव्ही गेस्टवरच राहू दे. `Allow guests to see each other` चालू करा आणि `Allow guests to access my local network` बंदच ठेवा. म्हणजे आतली कडी निघते, मधली भिंत तशीच राहते. कास्ट करायचं तेव्हा फोन गेस्टवर घ्यायचा, झालं की मुख्य वायफायवर परत. यात रोजची थोडी कटकट आहे, आणि खरोखरचा पाहुणा त्या वायफायवर आला की त्यालाही तुमचा टीव्ही दिसेल, हे लक्षात असू द्या. तुमच्या राऊटरवर हे दोन पर्याय वेगवेगळे नसतील तर हा मार्ग बंद. काही राऊटरवर एकच खूण असते आणि तिने दोन्ही भिंती एकदम पडतात. तसं असेल तर ती करू नका, कारण मग गेस्ट नावापुरताच उरतो. त्यापेक्षा टीव्ही मुख्यवर आणा आणि गेस्ट खऱ्या पाहुण्यांसाठी ठेवा.

फोन मुख्यवर, टीव्ही वेगळ्या नेटवर्कवर आणि तरी कास्ट चालू, असंही करता येतं, पण त्यासाठी ओपनडब्ल्यूआरटीसारखी प्रणाली चालणारा राऊटर लागतो. हाक एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत नेणारा निरोप्या बसवायचा. अवाही नावाच्या प्रोग्रॅमच्या `avahi-daemon.conf` या फाइलमध्ये एवढंच:

```
[reflector]
enable-reflector=yes
```

त्याच्या जोडीला फायरवॉलमध्ये मुख्य नेटवर्कमधून टीव्हीकडे जायची वाट उघडायची आणि उलटी बंद ठेवायची. नुसता निरोप्या बसवून वाट उघडली नाही तर यादीत नाव दिसतं, पण दाबलं की जोडणी होतच नाही. आणि उलटी वाट बंद असली तर यूट्यूब चालेल, पण फोनमधले स्वतःचे व्हिडिओ काही अ‍ॅपमधून लागणार नाहीत. कारण तिथे टीव्ही व्हिडिओ घ्यायला इंटरनेटवर न जाता तुमच्या फोनकडे येतो आणि दारातून परत जातो. मुलाला या कामाची आवड असेल तर त्याने जरूर करावं, नाहीतर या वाटेला जाऊ नका.

एका ठिकाणी मात्र माझा सल्ला अगदी उलटा असतो, आणि तुमच्यासारखाच प्रश्न घेऊन तिथले लोकही येतात, म्हणून सांगतो. कोकणात होमस्टे चालवणारे एक जण माझ्याकडे आले होते. चार खोल्या, चार टीव्ही, पाहुण्यांना गेस्ट वायफाय, पाहुण्यांना कास्ट जमेना. त्यांनी स्वतःच दोन्ही भिंती काढल्या. मग खोली दोनमधल्या पाहुण्याला चारही टीव्ही दिसायला लागले, आणि एका रात्री कोणाचा तरी व्हिडिओ भलत्याच खोलीत सुरू झाला. शिवाय कॅमेऱ्यांचा रेकॉर्डरही पाहुण्यांना खुला. तिथे मी प्रत्येक खोलीत एक साधा राऊटर बसवला, त्या खोलीचा टीव्ही आणि पाहुणे त्याच राऊटरवर. हाक त्या डब्याबाहेर जात नाही, म्हणून प्रत्येकाला आपल्याच खोलीतला टीव्ही दिसतो. रेकॉर्डरही वेगळ्या राऊटरच्या मागे टाकला, कारण खोलीतल्या डब्यातून मुख्य नेटवर्कवरच्या पत्त्यांपर्यंत जाता येतं, हे लोकांच्या लक्षात येत नाही.

यातली एक गोष्ट घरातही लागू पडते. डब्यामागे डबा बसवला की गल्ल्या वेगळ्या होतात. फायबर कंपनीचा डबा हॉलमध्ये आणि लांब पोचावं म्हणून आपण आणलेला राऊटर आतल्या खोलीत, दोघांचंही वायफाय चालू, असं ज्यांच्या घरी आहे त्यांना गेस्ट नसतानाही हाच त्रास होतो. त्यांनी आतला राऊटर `Access Point` मोडवर टाकावा. मग तो स्वतःचे पत्ते वाटायचं थांबवतो आणि सगळे एका गल्लीत येतात.

हे सगळं निवांतपणे रविवारी करा. आज रात्री काही बघायचं असेल तर एक पळवाट आहे. टीव्हीवरच्या यूट्यूबच्या सेटिंगमध्ये `Link with TV code` उघडा, पडद्यावर अंकांचा कोड येईल. फोनच्या यूट्यूबमध्ये सेटिंगमधल्या `Watch on TV` या भागात जाऊन तो भरा. ही ओळख इंटरनेटवरून होते, घरातल्या हाकेची गरजच पडत नाही, त्यामुळे गेस्टची भिंत असली तरी चालते. फक्त ती यूट्यूबपुरती आहे. फोनमधले फोटो किंवा दुसरी अ‍ॅपं त्यातून जाणार नाहीत.

टीव्ही मुख्यवर आणूनही दिसला नाही, तर इथेच तीन गोष्टी लिहा: फोनचा पत्ता, टीव्हीचा पत्ता, आणि पिंगच्या उत्तरातली एक ओळ जशीच्या तशी. वायफायचा पासवर्ड मात्र लिहू नका. 192.168 ने सुरू होणारे पत्ते दाखवायला हरकत नाही, ते घराघरांत सारखेच असतात.